भिंत का सरकली?

ग्वाल्हेरच्या पश्चिमेला सुमारे 23 किलोमीटरवर सांक नदी अडवून बांधलेलं तिघरा धरण आहे. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी वाड्यांत नळाला येणारं पाणी तिथलंच, मोतीझीलच्या केंद्रात गाळून आलेलं. आज दिसतं ते धरण दुसरं. पहिलं संस्थानी काळात, माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, 1916 साली बांधून झालं आणि 19 ऑगस्ट 1917 च्या दुपारी फुटलं. बांधकाम पुरं झाल्यापासून फुटेपर्यंत धड दोन पावसाळेही गेले नव्हते.

धरणांच्या सुरक्षिततेवरच्या अभ्याससाहित्यात तिघऱ्याचा उल्लेख हमखास येतो आणि चार ओळींत संपतो. चुन्यात बांधलेली 24 मीटर उंचीची दगडी भिंत. सुमारे 400 मीटर लांबीवर माथ्यावरून 0.85 मीटर पाणी गेलं. प्रवाह सेकंदाला अंदाजे 850 घनमीटर. भिंतीचे दोन मोठे तुकडे अखंडच्या अखंड पुढे सरकले. कारण म्हणून कुठे ‘घसरण’ एवढंच लिहिलेलं सापडतं, तर कुठे ‘वाळूच्या दगडाच्या पायात पाणी शिरलं’ असं. धरण पुन्हा उभं राहिलं ते 1929 मध्ये. मृतांचा आकडा काही ठिकाणी हजार छापलेला आहे, काही ठिकाणी दहा हजार. इतकी माणसं ज्या घटनेत गेली, तिच्या आकड्यात दहापटीचा फरक राहावा, यावरून मागे राहिलेली नोंद कशी आहे ते कळतं.

बांधकाम संपल्यावर, यशस्वी झालेलं असो की फसलेलं, जो आढावा लिहायचा असतो, त्याची ही पुस्तिका आहे. अशा आढाव्यात कोणाकडेही बोट दाखवायचं नाही, तरी काय बिघडलं ते नेमकं सांगायचं, आणि शेवटी पुढच्या कामावरच्या माणसाला उद्या सकाळी वापरता येईल असं काहीतरी द्यायचं. प्रस्तावनेत या विषयाची तोंडओळख करून द्यायची, तर ग्वाल्हेरात बसून तिघऱ्याशिवाय दुसरं उदाहरण घेणं मला पटलं नाही. त्या चार ओळी हातात घेऊ आणि त्यांचा अहवाल करायचा तर काय काय लागेल ते पाहू.

पहिल्याच आकड्यावर थांबायला हवं. 0.85 मीटर पाणी, 400 मीटर लांबी, 850 घनमीटर प्रवाह. रुंद माथ्यावरून जाणाऱ्या पाण्याचं सूत्र कोणत्याही जलशास्त्राच्या पुस्तकात मिळेल: लांबी, गुणिले खोलीचा दीडावा घात, गुणिले 1.7. त्यात ही खोली घातली की सेकंदाला 530 घनमीटरच्या आसपास उत्तर येतं. 850 कुठून आले? इथे आकडा चुकला असं म्हणून मोकळं होण्याची घाई करू नये. हे सूत्र गृहीत धरतं की खोली धरणाच्या मागे, जरा लांब, शांत पाण्यात मोजली आहे. माथ्यावर पोचेपर्यंत पाण्याची पातळी खाली आलेली असते. कोणी माथ्यावरच्याच दगडांवरची ओलीची खूण पाहून 0.85 म्हटलं असेल, तर त्याच खोलीचा हिशेब 980 च्या घरात जातो. म्हणजे मोजणारा कुठे उभा होता, एवढ्या एका गोष्टीने उत्तर जवळजवळ दुप्पट होतं आणि 850 हा आकडा या दोहोंच्या मधे पडतो.

हा वेळ वाया गेलेला नाही. आढावा लिहिणाऱ्याने सर्वांत आधी करायचं काम हेच असतं: प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी, कुठे उभं राहून, कशाने मोजला आणि कधी लिहून ठेवला, हे मांडायचं. पूर ओसरल्यावर आठवून लिहिलेली पातळी आणि मोजपट्टीवर वाचून त्याच वेळी लिहिलेली पातळी एका रकान्यात बसवू नये. तसं केलं की पुढचा सगळा तर्क दिसायला चोख आणि पायात पोकळ होतो.

आता कारणाकडे. माथ्यावरून पाणी गेलं आणि भिंत सरकली, हे दोन्ही डोळ्यांना दिसणारे प्रकार. लागोपाठ घडले, म्हणून पहिल्याने दुसरं घडवलं असं वाटणं साहजिक आहे. आणि एकदा तसं ठरलं की पुढचे प्रश्न आपोआप माणसांकडे वळतात: सांडवा लहान कोणी धरला, दारं वेळेवर कोणी उघडली नाहीत, पुराचा अंदाज कोणाचा चुकला. तिघऱ्याच्या बाबतीत तर मोह आणखी मोठा, कारण या धरणाचं नाव विश्वेश्वरय्यांच्या चरित्रांत त्यांच्या स्वयंचलित दारांमुळे येतं. ही दारं आधी पुण्याजवळ खडकवासल्याला 1903 साली बसली आणि पुढे तिघऱ्यालाही आली. इतकं मोठं नाव जवळ असलं की चर्चा नावाभोवतीच फिरते आणि पाया बाजूला राहतो.

म्हणून माणसांकडे वळण्यापूर्वी थोडा हिशेब करू. हा छेद तिघऱ्याचा नाही, पाठ्यपुस्तकी त्रिकोणी छेद आहे: उंची तिघऱ्याइतकी, म्हणजे 24 मीटर, आणि तळाशी रुंदी 16 मीटर. भिंतीच्या लांबीतला फक्त एक मीटरचा काप घ्यायचा. दगडी बांधकामाचं वजन घनमीटरला 2.3 टन धरलं, तर या कापाचं वजन सुमारे 442 टन भरतं. पाणी काठोकाठ असताना त्याला आडवं ढकलणारा जोर 288 टन. स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या धरणाला सरकण्यापासून अडवतं ते तळाचं घर्षण, आणि दगडाच्या व चुन्याच्या चिकटपणाने जेवढी भर पडेल तेवढी. ढकलणारा जोर आणि खाली दाबणारं वजन यांचं गुणोत्तर इथे 0.65 येतं. दगडावर दगड साधारण तेवढ्यापर्यंत, किंवा थोडं वर, तग धरतो. तेव्हा कागदावर भिंत उभी आहे.

आता माथ्यावर 0.85 मीटर पाणी चढवा. आडव्या जोरात 20 टनांची भर पडते, 288 चे 308 होतात. गुणोत्तर 0.65 वरून 0.70 वर जातं. वाढ आहे, पण अखंड भिंत उचलून पुढे न्यावी अशी नाही.

मग राहिलेली गोष्ट पायातली. वाळूचा दगड थराथरांचा असतो, थरांमध्ये सांधी असतात, आणि मागच्या बाजूने दाबलेलं पाणी त्या सांधींतून भिंतीच्या खाली शिरतं. तिथे ते भिंतीला वर उचलू लागतं. इंजिनीअर याला अपलिफ्ट म्हणतात. विहिरीतली भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, तोच हा प्रकार, फक्त इथे बादलीच्या जागी धरण आहे. मागच्या टोकाला पूर्ण दाब आणि पुढच्या टोकाला शून्य असा सरळ उतरता दाब धरला, तर आपल्या कापाखाली 192 टनांचा उचल तयार होतो. 442 टनांची भिंत 250 टनांची होते. ढकलणारा जोर तेवढाच, 288. गुणोत्तर 1.15. चिकटपणाचा भक्कम आधार नसेल, तर नुसतं घर्षण इथे पुरत नाही, माथ्यावरून पाण्याचा थेंबही गेला नसला तरी.

दिसणाऱ्या कारणाने 20 टन घातले आणि न दिसणाऱ्याने 190 टन काढून घेतले. या पुस्तिकेतली बहुतेक प्रकरणं शेवटी या प्रमाणापाशी येतात. ज्याला सगळ्यांनी पाहिलं, ज्याच्याजवळ कोणीतरी माणूस उभा होता, ते कारण अहवालात ठळक होतं. ज्याच्याजवळ कोणीच उभं नव्हतं ते सुटतं. माथ्यावरून पडणारं पाणी पायथ्याचा खडक उकरतं आणि तिथला आधार काढून घेतं, हेही खरं, आणि तिघऱ्याच्या अहवालात त्याचा विचार हवाच. पण तोही शेवटी पायाचाच प्रश्न आहे.

पुढचा प्रश्न कोणीही विचारेल: हे त्या काळच्या इंजिनीअरांना कळत नव्हतं का? याचं उत्तर जपून द्यावं लागतं. फ्रान्समधलं बूझे धरण 1895 मध्ये फुटलं, तेव्हा आतल्या पाण्याच्या दाबावर तिथे बरीच चर्चा झाली होती. 1911 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ऑस्टिन गावाजवळचं काँक्रीटचं धरण घसरलं. तोही पाया वाळूच्या दगडाच्या आडव्या थरांचा होता आणि मधे शेलचे पापुद्रे होते. तेव्हा माहिती जगात कुठेतरी होती. पण त्या काळातल्या अनेक दगडी धरणांच्या आखणीत हा उचल धरलेला नसे, आणि तसा तो धरणं सक्तीचं करणारा नियमही नसे. आज आपल्याकडे दगडी आणि काँक्रीट धरणांच्या आखणीचं भारतीय मानक IS 6512 उचल धरूनच हिशेब करायला लावतं. 1916 च्या माणसाला आजच्या मानकाने मोजून त्याला बेफिकीर ठरवणं सोपं आहे. त्यातून 1916 च्या माणसाचं काही बिघडत नाही, पण पुढच्या धरणाला त्याचा काही उपयोगही नाही.

अहवालाच्या भाषेत हा दोष एका वाक्यरचनेतून पकडता येतो. ‘असतं तर’. ‘पायाची भोकं पाडून तपासणी केली असती तर.’ ‘दारं आधी उघडली असती तर.’ ही वाक्यं जे घडलंच नाही त्याचं वर्णन करतात. त्यांच्यातून वाचकाला घटनेविषयी एक अक्षरही कळत नाही, फक्त लिहिणाऱ्याला काय आवडलं असतं ते कळतं. मसुदा हाती आला की मी आधी अशी वाक्यं मोजतो. नंतर ‘दुर्लक्ष’, ‘हलगर्जीपणा’, ‘गांभीर्य नव्हतं’ हे शब्द शोधतो. एका पानावर तीन-चार सापडले की समजायचं, लिहिणाऱ्याला कारण सापडलेलं नाही आणि ती जागा विशेषणांनी भरली आहे. दुर्लक्ष झालं असं म्हणण्याऐवजी लक्ष कुठे होतं ते लिहावं. त्या आठवड्यात त्या माणसाच्या टेबलावर काय होतं, त्याला कोणता आकडा दिसत होता, कोणता दिसण्याची सोयच नव्हती?

याच्या उलट टोकाला आणखी एक फसवी भाषा आहे आणि सरकारी फायलींत ती जास्त आढळते. ‘चूक झाली’, ‘विलंब झाला’, ‘काही त्रुटी राहून गेल्या’. कर्ता गायब. लोकांना वाटतं, बोट दाखवायचं नाही म्हणजे असंच लिहायचं. तसं नाही. निर्णय कोणत्या पदावर झाला, कोणत्या तारखेला झाला, त्यासाठी समोर कोणते कागद होते, हे सगळं स्पष्ट यायला हवं. फक्त व्यक्तीच्या नावाच्या जागी पद येतं आणि हेतूच्या जागी परिस्थिती येते. ‘भिंतीच्या खालचा पाण्याचा दाब मोजण्याची एकही नळी बांधकामात नव्हती, त्यामुळे कार्यकारी अभियंत्याला पातळी वाढवत नेताना पायात काय चाललं आहे हे कळण्याचं साधन नव्हतं’ असं एखादं वाक्य अहवालात आलं, तर कोणालाही न बोलता सगळं सांगून होतं. अशा वाक्यावर पुढे काय करायचं ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

माणसांशी बोलण्याची वेळ कोणती, हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण अर्धा अहवाल त्यावर ठरतो. आपल्याकडे काही बिघडलं की आधी ‘कारणे दाखवा’ जाते आणि मग खुलासा येतो. खुलासा हा बचावाचा कागद असतो. तो एकदा सहीनिशी दिला की माणूस त्याच्याबाहेर एक शब्द बोलत नाही, बोलूही नये. म्हणून आढाव्यासाठीचं बोलणं नोटिशीआधी व्हायला हवं, आणि ते शिस्तभंगाच्या कामात वापरलं जाणार नाही हे वरिष्ठांनी लेखी दिलेलं हवं. तोंडी आश्वासनाला आपल्या कार्यालयांत कोणी भुलत नाही, आणि ते बरोबरच आहे. दारांवरच्या चौकीदाराला ‘तू दार का उघडलं नाहीस?’ असं विचारलं तर तो साहेबांचा हुकूम नव्हता म्हणेल. ‘त्या दिवशी दुपारी तुला तिथून काय काय दिसत होतं, आणि आवाज कसला येत होता?’ असं विचारलं तर पायथ्याला गढूळ पाणी उमटत होतं की नाही, हे त्याच्याकडूनच कळेल. पाझर स्वच्छ असणं आणि गढूळ असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गढूळ पाझर म्हणजे पाणी पायातली माती-वाळू घेऊन बाहेर येतं आहे. ही माहिती कोणत्याही फायलीत नसते. ती असते चौकीदाराकडे, मेटाकडे, शेजारच्या गावात गुरं चारणाऱ्याकडे.

आढावा आणि चौकशी यांची गल्लत आपल्या मराठी वाचकाला पानशेतमुळे चांगली माहीत आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फोडलं आणि पुणं बुडालं. काम पुरं होण्याआधीच पावसाळ्यात धरण भरलं होतं. चौकशी आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेली. न्यायालयीन चौकशीचं काम जबाबदारी ठरवण्याचं असतं. तिथे वकील असतात, उलटतपासणी असते आणि प्रत्येक पक्षाला आपलं म्हणणं राखायचं असतं. समाजाला ती हवी असते आणि ती व्हायलाच पाहिजे. पण त्या चौकटीत कोणताही इंजिनीअर ‘मला इथे शंका होती, पण नेमकी कशाची ते सांगता येत नव्हतं’ असं बोलणार नाही. पुढच्या धरणासाठी सर्वांत मोलाचं वाक्य तेच असतं. म्हणून दोन्ही कामं वेगळ्या माणसांनी, वेगळ्या खोलीत करावीत. लाच, चुन्यातली भेसळ, खोटी मोजमापं यांचा संशय आला की आढावा घेणाऱ्यांनी तेवढा भाग तिथेच थांबवून योग्य यंत्रणेकडे सोपवावा आणि आपल्या अहवालात ‘हा भाग सोपवला’ एवढीच ओळ ठेवावी. जाणूनबुजून केलेल्या लबाडीला आढाव्याचं संरक्षण मिळता कामा नये, नाहीतर उद्या त्यावर कोणाचाच विश्वास राहणार नाही.

चांगला अहवाल कसा असतो हे पाहायचं तर मी अमेरिकेतल्या टीटन धरणाचा सांगेन. आयडाहो राज्यातलं हे मातीचं धरण, उंची 90 मीटरच्या वर, पहिल्यांदाच भरत असताना 5 जून 1976 रोजी फुटलं. सकाळी सातच्या सुमारास पाझर दिसला, भोक बुजवायला दोन बुलडोझर पाठवले, ते भोकात गेले, आणि बाराला काही मिनिटं असताना माथा कोसळला. अकरा माणसं गेली. केंद्राचा अंतर्गत व्यवहार विभाग आणि आयडाहोचे गव्हर्नर यांनी धरण बांधणाऱ्या खात्याबाहेरच्या तज्ज्ञांचं मंडळ नेमलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल आला, म्हणजे सात महिन्यांच्या आत.

मंडळाने शाबूत राहिलेला भाग थराथराने खणून पाहिला. खडक भेगांनी भरलेला होता. त्या खडकात खोदलेल्या चरात वाऱ्याने आणलेली बारीक गाळमाती घातली होती. भेगांतून आलेल्या पाण्याने ती माती धुऊन नेली आणि आत वाट तयार झाली. तळाचे मोठे निचरा-दरवाजे अजून तयार नव्हते, त्यामुळे पाणी हव्या त्या वेगाने खाली सोडता येत नव्हतं. मंडळाचा निष्कर्ष असा की कोणत्याही एका अघटित योगायोगाला दोष देता येणार नाही. तिथल्या परिस्थितीत प्रतिकूल गोष्टींचे अनेक योग मुळातच शक्य होते. ते कोणाच्या डोळ्यांपुढे आले नाहीत आणि आखणीत त्यांच्यासाठी पुरेसे बचाव ठेवले गेले नाहीत. निष्कर्ष कठोर आहे, बांधणाऱ्या खात्याला अजिबात सोडत नाही. तरी तो वाचून कोणा अभियंत्याचं नाव डोक्यात राहत नाही. राहतो तो चर, त्यातली बारीक माती आणि तिच्या पुढे गाळण-थर नसणं.

त्या अहवालातली आणखी एक सवय उचलण्यासारखी आहे. तिथे नेमकं पहिलं छिद्र कुठून सुरू झालं हे ठामपणे सांगण्याचा हट्ट धरलेला नाही. पुरावाच वाहून गेला होता. आपल्या अहवालांत मात्र एकच कारण ठोकून द्यायची घाई असते, कारण वर विचारतात, ‘नक्की काय झालं ते सांगा.’ तिघऱ्याचा अहवाल आज लिहायचा तर मी तीन गट करीन. मोजलेलं किंवा उघड पाहिलेलं: दोन तुकडे अखंड सरकले. हिशेबाने बळकट होणारं: पायातल्या उचलाशिवाय एवढी मोठी घसरण समजत नाही. आणि नाकारलेलं, कारणासह: माथ्यावरून गेलेल्या पाण्याचा नुसता वाढीव जोर पुरेसा नाही. तिसरा गट लोक लिहीतच नाहीत. त्यामुळे दहा वर्षांनी दुसरा कोणी तीच नाकारलेली शक्यता नव्याने शोधून काढतो.

आता शेवटचा भाग, धडे. आढाव्यातला हा भाग सर्वांत जास्त वाचला जातो आणि सर्वांत कच्चा लिहिला जातो. ‘पायाच्या तपासणीवर भर द्यावा.’ ‘समन्वय वाढवावा.’ अशा ओळी कोणत्याही कामाच्या कोणत्याही अहवालात चिकटवता येतात, म्हणून त्या कुठेच उपयोगी पडत नाहीत. धडा वापरता येण्यासाठी त्यात कोणी, काय, किती झाल्यावर आणि मग पुढे काय, हे चारही असावं लागतं.

पाझराचंच घेऊ. ‘पाझरावर लक्ष ठेवावं’ हा धडा नव्हे. धडा असा लिहावा: भिंतीच्या पायथ्याचा सगळा पाझर एका चरात आणून त्यात काटकोनी व्ही-नॉच बसवावी. शाखा अभियंत्याने पावसाळ्यात रोज त्याच वेळी खाचेवरची पाण्याची उंची आणि त्याच मिनिटाची जलाशयाची पातळी, दोन्ही एका ओळीत लिहावी. खाचेवर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार लिटर पाझर, आणि 13 सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ साडेआठ. डोळ्याला तीन सेंटिमीटर काहीच वाटत नाही, प्रवाह मात्र दुपटीच्या जवळ पोचतो. म्हणून वहीत उंचीच्या शेजारी लिटरचा रकाना छापलेला असावा, नवख्या माणसाला सूत्र आठवायला लागू नये. जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा पाणी गढूळ आलं, तर शाखा अभियंत्याने वरची परवानगी न मागता पातळी उतरवायला सुरुवात करावी आणि नंतर कळवावं. हे शेवटचं वाक्य लिहायला धैर्य लागतं, कारण त्यात अधिकार खाली द्यावा लागतो. नेमकं तेच वाक्य मंजुरीत वगळलं जातं, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

धडा कुठे ठेवायचा हेही अहवालातच ठरवावं. अहवाल कपाटात जातो, तो तिथे जाणारच. म्हणून प्रत्येक धड्यापुढे त्याचं घर लिहायचं: हा निविदेच्या अटींत जाईल, हा दारं चालवण्याच्या नियमावलीत, हा पहिल्या भरणीच्या कार्यक्रमात. ज्या धड्याला घर सापडत नाही, तो बहुधा धडा नसतोच.

पहिल्या भरणीचा उल्लेख आलाच आहे, तर आपल्या त्या 24 मीटरच्या छेदाकडे पुन्हा वळू, कारण तिघऱ्यातून निघणारा सर्वांत थेट धडा तिथे आहे. तिघरा, पानशेत आणि टीटन ही तिन्ही धरणं कोवळ्या वयात गेली. पानशेत आणि टीटन तर पहिल्यांदाच भरत असताना फुटली. आपल्या छेदात पायातला उचल धरूनच वेगवेगळ्या पातळ्यांवर हिशेब केला, तर पाणी 16 मीटरवर असताना ढकलण्याचं गुणोत्तर 0.41 येतं. 20 मीटरवर 0.71. आणि काठोकाठ भरल्यावर 1.15. पाण्याचा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो आणि त्याच वेळी उचल भिंतीचं वजन खात असतो, म्हणून खालच्या 16 मीटरमध्ये जे घडतं त्यापेक्षा वरच्या चार मीटरमध्ये जास्त घडतं. तेव्हा कार्यक्रम असा लिहावा: पाणी 16 मीटरवर आणून थांबवायचं, पायातल्या दाबनळ्या आणि खाचा रोज वाचायच्या, आणि आकडे सलग काही दिवस स्थिर राहीपर्यंत पुढे सरकायचं नाही. आखणीत उचल धरला नसेल आणि नळ्यांत तो दिसू लागला, तर ते आखणीचं गृहीत चुकलं आहे, हे 0.41 वर असतानाच कळतं. तेव्हा हातात वेळही असतो आणि पाणी उतरवण्याची जागाही. मग 20 मीटरवर दुसरा मुक्काम, तोच क्रम. वरच्या चार मीटरसाठी पाणलोटात मोठ्या पावसाचा अंदाज नसलेले दिवस निवडावेत, आणि तळाचे दरवाजे पूर्ण चालू आहेत याची नोंद त्याआधी वहीत झालेली असावी. दरवाजे तयार नसतील तर पाणी 20 च्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि पुराचं पाणी थांबवता येत नसेल तर तोपर्यंत सांडव्याचा काही भाग बांधायचाच नाही, त्याची पातळी 20 वर ठेवायची. या अटीने धरणाचं काम एक हंगाम पुढे जातं आणि ठेकेदाराच्या बिलाचा प्रश्न उभा राहतो. त्या हंगामाचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा, हा त्या धड्याचा दुसरा भाग. तो लेखा शाखेने मान्य केला आहे की नाही, हे अहवालाच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहिलेलं असावं.